नवे टायर मागेच लावा
प्रश्न: अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअरमध्ये नेमका फरक काय? दोन्हींपैकी जास्त घातक कोणतं?

पुढच्या टायरांची पकड आधी संपली तर अंडरस्टीअर: स्टीअरिंग आणखी वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते. मागच्यांची आधी संपली तर ओव्हरस्टीअर: शेपूट बाहेर फेकलं जातं. घातक दुसरं, कारण अंडरस्टीअरला ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला की वजन पुढे येऊन नाक बहुधा वळतं, आणि तोच उपाय मागच्या टायरांच्या मुळावर येतो.

माझ्या मेहुण्याला हे आजही पटत नाही. त्याचं म्हणणं, गाडी पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा मागून सुटेलच कशी? दोनच नवे टायर घ्यायचे होते, ते त्याने हट्टाने पुढे लावले आणि मागे झिजलेले ठेवले. पावसात उताराच्या वळणावर समोर ट्रक थांबलेला दिसला. त्याने पाय उचलून ब्रेकला नुसता टेकवला. नाक आत गेलं, मागोमाग शेपूट फिरलं आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून रस्त्याकडेला थांबलो. कुणाला लागलं नाही. दोष मात्र त्याने रस्त्यावरच्या ऑइलला दिला!

आता हिशोब बघा. गाडी १२०० किलोची, पुढे ७२०, मागे ४८०. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंचीवर. ०.३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीस टक्के इतका साधा ब्रेक लावला तर १२०० × ०.३ × ०.५ ÷ २.५, म्हणजे ७२ किलो भार मागून पुढे जातो. मागे उरले ४०८, म्हणजे पकड साधारण १५ टक्के घटली. गाडीची मागची बाजू वळवायला लागणारं बळ मात्र तेवढंच राहतं, आणि उरलेल्या पकडीतलीही थोडी मागचे ब्रेक खातात. टायर झिजलेले आणि रस्ता ओला असेल, तर ही तूट भरायला काही शिल्लकच नसते. इथे इंजिन कुठल्या चाकांना फिरवतंय, याचा संबंध येतोच कुठे?

पुढचे टायर लवकर झिजतात, कबूल. म्हणून चाकं वेळच्या वेळी अदलाबदल करा, म्हणजे चारही एकदम बदलता येतील. दोनच घ्यायचे झाले तर मागे. दुकानदार पुढे लावायला निघाला तरी ऐकू नका.

हिशोब सपाट रस्त्याचा आहे. उतारावर पुढे आणखी भार येतो. डाव्या-उजव्या चाकांमधली भाराची अदलाबदल मी सोडून दिली आहे. ईएससी ही गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा असेल तर ती एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सावरायला बघते, पण टायरात नसलेली पकड तीही आणू शकत नाही. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला तरी शेपूट सुटतं, तिथे कारण वजनाचं नसून इंजिनाच्या ओढीचं असतं.