समुपदेशक म्हणून स्वतःची ओळख लिहिताना

तुमचा मसुदा वाचला. '६ सत्रांत चिंतेपासून कायमची मुक्ती' हे वाक्य आधी काढा. सातव्या सत्रानंतरही ज्याला झोप लागत नाही, तो दोष स्वतःलाच देतो आणि येणं थांबवतो. त्याऐवजी कामाची पद्धत सांगा: 'चिंता वाढवणारे विचार आणि टाळाटाळ आपण मिळून तपासतो, घरी करून पाहायचे छोटे प्रयोग ठरवतो. उपयोग होतोय का, हे अधूनमधून एकत्र पाहतो.'

प्रशिक्षणाबद्दल सांगताना पदवी, संस्था, वर्ष आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेलं काम लिहा. दोन दिवसांच्या कार्यशाळेवरून स्वतःला 'तज्ज्ञ' म्हणवू नका. नवख्यांची ही हमखास चूक (माझीही झाली होती). औषधं देत नसाल तर तेही स्पष्ट लिहा. क्लायंटचे अभिप्राय मात्र नकोत, गोपनीयता जाते.