वडिलांना बागेत ऊन लागलं तर?

प्रश्न: वडील सत्तरीचे आहेत, तासगावजवळ द्राक्षबागेत दिवसभर असतात. उष्माघात ओळखायचा कसा आणि लगेच काय करायचं?

एप्रिलची खरड छाटणी झाली की मांडवावर पान उरत नाही, सावली संपते. म्हणून काम पहाटे सुरू करून अकराच्या आत आटपा. उतारवयात तहान उशिरा जाणवते. मागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी द्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा.

चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले तर सावलीत झोपवून ओआरएस द्या, एक लिटरचा पुडा एक लिटर पाण्यातच. अर्ध्या तासात उतार नसेल तर दवाखाना गाठा.

पण अंग तापलंय आणि ते बरळतायत, झोकांड्या जातायत किंवा झटके आले, तर तो उष्माघातच समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, कष्टाच्या कामात उष्माघातातही अंग ओलं असू शकतं. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत नुसतं बसू नका. सदरा काढून मोटारीचं पाणी अंगभर ओता (पाइपात तापलेलं आधी वाहू द्या) आणि टॉवेलनं जोरात वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.