मुदत संपते १३ ऑगस्टला, पत्र हाती आलं त्या दिवसापासून मोजायची नाही

प्रश्न : वडील २०१९ मध्ये वारले. त्यांच्या नावावर एका इंजिनिअरिंग कंपनीचे १२० शेअर आहेत, कागदी. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला कंपनी शेअर बाजारातून बाहेर पडली. प्रवर्तक ६४० रुपये भावाने उरलेले शेअर घेत आहेत, तसं जाड पाकीट मार्चमध्ये आलं. वारस आम्ही तिघं : आई, मी आणि कॅनडातली बहीण. 'कोर्टाचा उत्तराधिकार दाखला लागेल, वर्ष जाईल,' असं एकानं सांगितलं. शेअर द्यावेत की ठेवावेत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : द्यावेत की ठेवावेत, हा प्रश्न तुमच्यासाठी अजून उद्भवलेलाच नाही. शेअर वडिलांच्या नावावर आहेत आणि मृत माणसाची सही कुठल्याही फॉर्मवर चालत नाही. सहा वर्षं ते कपाटात राहिले. त्याबद्दल बोलून आता उपयोग नाही, पण अशी पत्रं मला महिन्याला चार येतात, म्हणून एवढं लिहिल्यावाचून राहवत नाही.

सगळं ज्यावर अडलं आहे ते कलम एकच. सेबीच्या २०२१ च्या डीलिस्टिंग नियमांतला २६ वा नियम. ज्यांनी सुरुवातीच्या ऑफरमध्ये शेअर दिले नाहीत, त्यांचे शेअर त्याच अंतिम भावाने घेण्याची जबाबदारी तो प्रवर्तकांवर टाकतो, आणि डीलिस्टिंगच्या तारखेपासून किमान एक वर्ष. 'किमान' म्हणजे ते मुदत वाढवू शकतात; त्यांनी वाढवलीच पाहिजे असा मात्र तुमचा हक्क नाही. वर्षाची सुरुवात १४ ऑगस्टपासून झाली. मार्चमध्ये पाकीट आलं त्या दिवसापासून नव्हे. पाकिटात 'एक्झिट ऑफर' अशा मथळ्याखाली शेवटची तारीख छापलेली असेल, ती आधी पाहा. तुमचं पत्र मेच्या मध्यावर आलं, म्हणजे हातात तीन महिनेही नाहीत.

त्या तारखेपर्यंत फॉर्म टपालात पडणं पुरत नाही. शेअर तुमच्या नावावर, डीमॅटमध्ये, आणि तिथून ऑफरचे शेअर जमा होतात त्या प्रवर्तकांच्या एस्क्रो डीमॅट खात्यात गेलेले असले पाहिजेत. सार्वजनिक कंपनी सूचीबद्ध नसली तरी तिचे कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर २०१८ पासून डीमॅट लागतं. वारसाच्या नावावर चढवणं (ट्रान्समिशन) ही विक्री नव्हे, त्यामुळे ती पायरी कागदावर होऊ शकते. त्यापुढची प्रवर्तकांना विकण्याची पायरी होत नाही.

आता त्या 'वर्ष जाईल' म्हणणाऱ्या सद्गृहस्थांविषयी. १२० गुणिले ६४० म्हणजे ७६,८०० रुपये. सूचीबद्ध कंपन्यांसाठी सेबीने सोपी पद्धत ठेवली आहे : एका कंपनीतले पाच लाखांपर्यंतचे कागदी शेअर, नॉमिनी नेमलेला नसला तरी, उत्तराधिकार दाखल्याशिवाय वारसांच्या नावावर होऊ शकतात. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, इतर वारसांची ना-हरकत, नोटरीसमोरचं हमीपत्र आणि मूळ प्रमाणपत्र, असा तो संच असतो. तुमची कंपनी आता सूचीबद्ध नाही, म्हणून तिच्या भागधारकांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार हीच पद्धत लावतो का, ते मी छातीठोक सांगणार नाही. लेखी विचारा, आणि ई-मेलबरोबर स्पीड पोस्टही करा. तो तयार झाला तर कोर्टाचं तोंडही पाहायला नको. नाही झाला, तर दिवाणी कोर्टात दाखल्याचा अर्ज करावा लागेल, नोटीस निघेल, तारीख पडेल, आणि १३ ऑगस्ट ही त्यातली एखादी तारीखसुद्धा नसेल. कोर्टाला घाई करायला सांगणारा अर्ज मी याआधी दिलेला आहे. त्यावरही तारीखच पडली होती.

अर्ज पूर्ण झाला की कंपनी कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे एका महिन्यात नाव बदलून मिळायला हवं. 'पूर्ण' या शब्दातच गोम असते. प्रमाणपत्रावर आद्याक्षरं असतात आणि मृत्यूच्या दाखल्यावर पूर्ण नाव. एवढ्यावरून अर्ज परत येतो आणि महिना पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच सोबत जोडा.

आणखी एक बघून घ्या. लाभांश सलग सात वर्षं कोणीच उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. निधीच्या संकेतस्थळावर वडिलांच्या नावाने शोधा. तिथे गेले असतील तर वरचा सगळा हिशेब बदलतो. मग तसं पुन्हा लिहा.

आता द्यावेत की ठेवावेत. ठेवणाऱ्यांना कधी कधी घबाड मिळतं, हे खरं. कॅडबरी इंडिया बाजारातून बाहेर पडल्यावर उरलेल्या भागधारकांना भांडवल कपातीच्या, म्हणजे पैसे देऊन त्यांचे शेअर रद्द करण्याच्या मार्गाने काढण्यासाठी कंपनीने १,३४० रुपये भाव धरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २,०१४.५० रुपये ठरवले. पण मामला २००९ पासूनचा होता आणि भावावर लढणारे भागधारक तिथे वकील घेऊन उभे होते. याच न्यायालयाने २००९ मध्ये पुण्याच्या सँडविक एशियाच्या प्रकरणात लहान भागधारकांना अशा कपातीने बाहेर काढणं कायदेशीर ठरवलं. म्हणजे 'ठेवू आणि बघू' म्हणणाऱ्याला कंपनी कायम ठेवून घेईलच असं नाही. भावाची तक्रार मात्र करता येते.

हेक्सावेअर २०२० मध्ये बाहेर पडली आणि २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आली. असंही होतं, पण तो अपवाद. एरवी बाहेर पडलेल्या कंपनीच्या शेअरला ग्राहक एकच असतो, प्रवर्तक, आणि वर्ष संपल्यावर त्याला गरज उरत नाही. १२० शेअरसाठी मी ६४० घेतले असते. ताळेबंद वाचता येत असेल, भाव उघडच कमी वाटत असेल आणि दहा वर्षं पैशाची गरज नसेल, तरच ठेवा. करात फरक पडतो : डीलिस्टिंगच्या वेळी एक्सचेंजच्या खिडकीतून देणाऱ्यांना दीर्घकालीन नफ्यावर १.२५ लाखांची सूट मिळत होती. आता हा बाजाराबाहेरचा व्यवहार, ती सूट नाही. दर आणि खरेदी किंमत सीएकडून तपासा.

हक्कभागांची, म्हणजे कंपनी जुन्या भागधारकांना देऊ करते त्या नव्या शेअरची पत्रं येतात, त्यांचंही दुखणं हेच. डीमॅट खात्यात हक्क जमा होतो, तो ना वापरला ना विकला तर मुदतीनंतर शून्य. कागदी शेअरवाल्यांनी इश्यू बंद होण्याच्या किमान दोन कामाचे दिवस आधी डीमॅट खातं कळवावं लागतं, आणि लोक शेवटच्या दिवशी मला फोन करतात.

तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद रजिस्ट्रारकडे नाही, कॅनडात आहे. बहिणीची ना-हरकत तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा रजिस्ट्रारला मान्य अशा रीतीने साक्षांकित व्हावी लागेल, आणि वकिलातीची भेटीची वेळ लगेच मिळत नाही. मसुदा रजिस्ट्रारकडून मंजूर करून घ्या, बहिणीला आजच फोन करून वेळ नोंदवायला सांगा, आणि अर्ज गेल्यावर पोचपावतीची एक प्रत प्रवर्तकांच्या वतीने ऑफर सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरला पाठवून 'हे शेअर मुदतीतच देण्याचा आमचा इरादा आहे' असं लिहून ठेवा. त्याने तुमचा हक्क वाढत नाही. पण १३ ऑगस्टनंतर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करायची वेळ आलीच, तर तुमच्याकडे दाखवायला तारखेचा एक कागद असेल.