भावाभावात कसलं उष्टं?

“मॅडम, तीन लेकरं हायत. एकीचा घसा धरला की दुसऱ्याचा धरतो, त्याचं निवळतंय तोवर पुन्हा पहिली. कपबशा वेगळ्या करून बघितल्या, तरी थांबंना. आन् शाळेत कधी पाठवायचं ते तरी सांगा. बाई म्हणतात पाठवा, सासूबाई म्हणतात आठ दिवस घरी ठेवा.”

सविताताईंना (नाव बदललं आहे) आमच्या बालरोगतज्ज्ञांनी माझ्याकडे पाठवलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीचा घसा महिन्यात दुसऱ्यांदा बिघडला होता. मुलगी नऊ वर्षांची, मधला मुलगा सहाचा, धाकटा अडीचचा. औषधाचं काम डॉक्टरांचं. माझं काम घरात नेमकं काय घडतं ते समजून घेण्याचं. त्यामुळे मी सल्ला द्यायला सुरुवात केली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पहिल्या दिवसापासून आठवायला सांगितलं.

गुरुवारी रात्री मुलीला एकदम ताप आला, गिळताना दुखू लागलं. सर्दी नाही, खोकला नाही. शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरांनी घसा पाहिला. टॉन्सिल सुजलेले, त्यावर पांढरे ठिपके, गळ्याला पुढून गाठी. घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग निघाला. अमॉक्सिसिलिन दहा दिवसांचं दिलं. पहिला डोस शुक्रवारी सात वाजता. शनिवारी रात्री शेवटचं पॅरासिटामॉल दिलं आणि रविवारी दिवसभर ताप नव्हता. सोमवारी मुलगी खेळायला लागली, तेव्हा ताईंनी औषध बंद केलं. “बरी झाली होती ओ, उगं गरम औषध कशाला?” उरलेली बाटली फ्रिजमध्ये राहिली.

मंगळवारी मुलाला ताप. त्याला तीच बाटली तीन दिवस दिली. गुरुवारी त्याची चाचणी परीक्षा होती, म्हणून सकाळी पॅरासिटामॉल पाजून शाळेत धाडलं. दुपारी बाराला शाळेतून फोन आला, अंग तापलंय, घेऊन जा. आणि थोरली? ती सासूबाईंच्या सांगण्यावरून शनिवारपर्यंत घरीच होती.

कॅलेंडरवर हे सगळं मांडल्यावर ताई स्वतःच थांबल्या. ज्या मुलीला सोमवारी पाठवायला हरकत नव्हती ती आठवडाभर घरात, आणि ज्याला मुळीच पाठवायचं नव्हतं तो परीक्षेला.

शाळेचा हिशेब खरं तर दोन प्रश्नांत संपतो. स्ट्रेपचा घसा असेल तर पहिला योग्य डोस घेऊन किती तास झाले? किमान 12 तास लागतात. आमचे डॉक्टर पूर्ण 24 तास धरतात, कारण रात्री दहाला डोस देऊन सकाळी दहाला वर्गात बसवायची घाई कोणी करू नये. त्यानंतर ते मूल सहसा जंतू पसरवत नाही. औषध न घेता मात्र दोन-तीन आठवडे पसरवू शकतं. दुसरा प्रश्न, औषधाशिवाय ताप नाही असं किती वेळ झालं? इथेच बहुतेक आया फसतात. पॅरासिटामॉल दिल्यावर चार-सहा तास अंग थंड राहतं, म्हणजे ताप गेला असं होत नाही. पॅरासिटामॉल न देता 24 तास ताप नसायला हवा. त्यांच्या मुलीचे दोन्ही हिशेब सोमवारी सकाळी पूर्ण झाले होते. मुलाचा गुरुवारी एकही झाला नव्हता: बहिणीच्या बाटलीतला डोस योग्य नव्हता, आणि ताप तर होताच.

सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज यांच्यासोबत घसा दुखत असेल तर बहुतेक वेळा तो विषाणूचा असतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, त्यामुळे पहिला प्रश्न गळून पडतो. दुसरा तसाच राहतो, आणि मूल नीट खातं-पितं का एवढं पाहायचं. मागे राहिलेला खोकला आठवडाभर चालला तरी त्यासाठी शाळा बुडवायची गरज नाही.

अर्धवट औषधाबद्दल मला थोडं कठोर बोलावं लागलं. ताप दोन दिवसांत जातो, पण अमॉक्सिसिलिनचा कोर्स दहा दिवसांचा असतो, तो घशातला जंतू पूर्ण जावा म्हणून. स्ट्रेपचा योग्य उपचार झाला नाही तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. ताईंना भीती घालायची नव्हती, पण हे झाकूनही ठेवायचं नव्हतं. शिवाय मुलाला दिलेला डोस मुलीच्या वजनाचा होता, आणि तोही तीनच दिवस. यावेळी डॉक्टरांनी दोघांना तपासून वेगवेगळी औषधं दिली. धाकट्याला काहीच त्रास नव्हता, त्याचा नमुनाही घेतला नाही. ताईंना ते खटकलं. पण काही मुलांच्या घशात हा जंतू काही त्रास न देता नुसता राहतो. लक्षण नसताना सगळ्यांना तपासलं तर नको त्या मुलाला औषध जातं. लक्षण दिसलं तर मात्र लगेच आणायचं. संसर्ग झाला तर साधारण दोन ते पाच दिवसांत दिसतो, म्हणून कॅलेंडरवर तेवढे दिवस मी पेन्सिलने वर्तुळ करून दिले. घरात कोणाला पूर्वी संधिवाताचा ताप आला असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांना आधीच सांगायचं.

मग कपांकडे वळले. “वेगळ्या केल्या म्हणजे काय केलं?” असं विचारलं. मुलीचा पेला आणि ताट वेगळं काढून मोरीजवळच्या फळीवर ठेवलं होतं. तिने दोन दिवस त्यात पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी रडली आणि मग आई-आजीची नजर चुकवून माठावरच्या तांब्यानेच पाणी प्यायली.

ती का रडली हे मला विचारावं लागलं नाही. आपल्या घरांत वेगळं भांडं ही साधी वस्तू नसते. कामवालीचा कप वेगळा, पाळीच्या दिवसांत वेगळं, हे सगळं मुली बघतच मोठ्या होतात. आजाऱ्याचं भांडं बाजूला काढलं की मुलीला आपल्याला बाजूला काढलं असं वाटतं. त्यात ही युक्ती उपयोगाचीही नव्हती. लक्षण दिसेपर्यंत मूल बऱ्याचदा जंतू पसरवायला लागलेलं असतं. म्हणजे पेला वेगळा करायचा निर्णय होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून मी उलटं सुचवलं. आजारी मुलीचा पेला वेगळा करायचाच नाही. पाचही जणांचा आपापला पेला, आजारपण असो वा नसो, सगळे एकाच फळीवर. सासूबाई दुसऱ्या भेटीला सोबत आल्या आणि म्हणाल्या, “भावाभावात कसलं उष्टं?” मी म्हटलं, “आजी, तुम्ही तांब्या वरूनच पिता ना, ओठ न लावता?” त्या हसल्या. त्यांच्या पिढीला ते सहज जमतं. लेकरांचे ओठ मात्र तांब्याला लागतातच, आणि तोच तांब्या परत माठात बुडतो. मग माठात बुडवायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं. त्याला कोणाचेच ओठ लावायचे नाहीत, त्यातून फक्त पेल्यात पाणी ओतायचं.

पेले स्टीलचे आणि एकसारखे, त्यातल्या दोनांवर आजीचं नाव घातलेलं. ताईंच्या घरी चादरीचा माग, तेव्हा त्यांनी आधी पेल्यांना रंगीत सूत बांधलं. दोन दिवसांत सूत ओलं, मळकट झालं आणि सुटलं. मग नेलपॉलिशचे ठिपके बुडाला बाहेरून लावले, एक, दोन, तीन. धाकट्याला ठिपके कळेनात, त्याला कान असलेला प्लॅस्टिकचा कप दिला. भांडी उकळायची गरज नाही. साबणाने घासून, विसळून वाळलेला पेला कोणीही वापरला तरी चालतो. टाळायचा आहे तो न धुतलेला. औषधाच्या बाटलीचं झाकण मात्र सगळे विसरतात. मुलीने चाटलेल्या त्याच झाकणातून मुलाला डोस गेला होता.

हातांचा प्रश्न सोलापुरात पाण्याचा प्रश्न होतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आलं तर “वारंवार हात धुवा” हे सांगणाऱ्याला कोणी दारात उभं करणार नाही. पण साबण चोळायला पाणी लागत नाही. हात ओले करायला थोडं, मग आणखी पाणी न घेता 20 सेकंद साबण चोळायचा, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, नखांखाली. मग धुवायला थोडं. एका मगात दोन पोरांचे हात होतात. चूक होते ती बादलीत हात बुडवण्यात, त्याने पुढच्या सगळ्यांचं पाणी बिघडतं. त्यांनी तोटीची जुनी टाकी स्टुलावर ठेवली. मी वेळा फक्त तीनच दिल्या: शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, आणि नाक शिंकरल्यावर किंवा हातात खोकल्यावर. तिसरी पोरांकडून निम्मीच पाळली जाते, हे धरूनच चालावं. हात पुसायचा पंचा मात्र प्रत्येकाचा वेगळा, नाहीतर धुतलेलं वाया जातं.

या सगळ्याने घसा धरणं बंद होईल असं मी त्यांना सांगितलं नाही. तिघं एका चादरीत झोपतात, तोंडाला तोंड लावून खोकतात, आणि थेंब पेल्याची वाट बघत नाहीत. पहिल्या दोन रात्री आजारी लेकराला भिंतीकडे आणि उलट्या डोक्याने झोपवा, एवढं सुचवलं. लाळ गळू लागली, पाणीही गिळेना, श्वासाला आवाज येऊ लागला, तोंड उघडेना किंवा मान वळेना, तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं. हे मी त्यांच्या कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं.

दीड महिन्याने फोन आला. मधल्याचा घसा पुन्हा, नमुन्यात स्ट्रेपच. “शनिवारी अकराला पहिला डोस दिलाय. आज रविवार, संध्याकाळचे सहा. ताप नाही. उद्या पाठवू ना?”

“पॅरासिटामॉल शेवटचं कधी?”

थोडा वेळ गप्प. “आज सकाळी नऊला. अंग जरा कोमट वाटलं म्हणून.”

“मग?”

पलीकडे मुलगी मोठ्याने तास मोजत होती. “उद्या नऊला चोवीस होतात, आई. शाळा साडेसातची हाय. मंगळवारी जाईल त्यो.”