हायब्रिड टीममधल्या नव्या सहकाऱ्यासाठी वेलकम ईमेल आणि पहिला आठवडा

प्रश्न: आमच्या हायब्रिड टीममध्ये सोमवारी एक जण रुजू होतोय. वेलकम ईमेलमध्ये काय लिहू आणि पहिला आठवडा कसा आखू?

उत्तर: ईमेल आधीच्या गुरुवारपर्यंत त्याच्या वैयक्तिक पत्त्यावर पाठवा, कारण ऑफिसचं खातं त्याला सोमवारीच उघडता येईल. किती वाजता, कुठल्या मजल्यावर, कोणाला भेटायचं, कोणती कागदपत्रं आणायची, अडलं तर फोन कोणाला करायचा आणि आठवड्यात ऑफिसचे दिवस कोणते, एवढंच लिहा. धोरणांच्या फायली आणि पासवर्ड त्यात नकोत.

सोमवार-मंगळवार ऑफिसात ठेवा, पण त्याचा बडी, म्हणजे त्याला मदत करायला नेमलेला टीममधला सहकारी, दोन्ही दिवस तिथे असेल याची आधी खात्री करा. नवा माणूस रिकाम्या टेबलांसमोर बसून राहतो, ही चूक फार होते आणि ती त्याच्या लक्षात राहते.

सोमवारी लॅपटॉप आणि लॉगिन उरका. व्हीपीएन मात्र ऑफिसच्या वायफायवर नव्हे, मोबाइल हॉटस्पॉटवर जोडून बघा. नाहीतर बिघाड बुधवारी घरी बसल्यावर कळतो आणि मदतीला शेजारी कोणी नसतं.

बुधवारी घरून एक छोटं, खरं काम द्या. उदाहरणार्थ, सेटअपच्या सूचना स्वतः पाळताना जिथे अडलं, ती पायरी दुरुस्त करणं. बुधवार-गुरुवारी बडीने सकाळी आणि दुपारी १५ मिनिटं कॉल करावा, कारण नवखा माणूस चॅटवर विचारायला बिचकतो. शुक्रवारी मॅनेजरने अर्धा तास बसून पुढच्या आठवड्याचं काम ठरवावं.