आईच्या ऑपरेशनसाठी बिनपगारी रजा

तीन महिने बिनपगारी रजा हवी आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मॅनेजरकडे कशी मागू?

आधी समोरासमोर बोला, मग त्याच दिवशी मेल टाका. त्यात 'साधारण तीन महिने' नको. '१ जून ते ३१ ऑगस्ट, १ सप्टेंबरला हजर' असं लिहा. मॅनेजरला खरी धास्ती कामाची असते. समजा महिनाअखेरचं बिलिंग तुमच्याकडे आहे. ते कोण बघणार, हे त्या सहकाऱ्याला विचारूनच नावानिशी कळवा. मे महिन्याचं बिलिंग तुमच्यादेखत त्याच्याकडूनच करून घ्या, कुठे अडतं ते तेव्हाच कळतं. एचआरकडून मात्र एक गोष्ट लेखी घ्या: रजेत ग्रुप मेडिक्लेम चालू राहणार ना? आईचं नाव त्याच पॉलिसीत असेल, तर ऐन ऑपरेशनच्या वेळी पंचाईत व्हायची.