‘निकाल कळविण्यात यावे’ लिहावं का?

प्रश्न: खानापूरच्या एका सोसायटीत क्लार्कच्या जागेसाठी इंटरव्ह्यू झाला. तीन आठवडे झाले, काही कळवलं नाही. ‘मी मुलाखत दिलो होतो, त्याचा निकाल कळविण्यात यावे’ असं पत्रात लिहिलं तर चालेल का?

उत्तर: अर्थ पोचेल, पण तीन ठिकाणी दुरुस्ती हवी.

पहिलं ‘दिलो’. आपल्या बेळगाव-खानापूर भागात ‘मी जेवण केलो’ सर्रास बोलतात. कन्नडात भूतकाळाचं क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, ती सवय मराठीत उतरली आहे. बोलण्यात त्यात काही वावगं नाही. लेखी मराठीत मात्र अशा वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं: मी मुलाखत दिली, अर्ज केला, दाखले जोडले. घोळ टाळायचा तर सरळ ‘माझी मुलाखत झाली’ लिहा.

दुसरं ‘यावे’. निकाल पुल्लिंगी, म्हणून ‘यावा’. पण ‘कळविण्यात यावा’ हा थाट वरच्या कचेरीने खालच्या कचेरीला लिहिण्याचा आहे. उमेदवाराच्या तोंडी ‘कळवावा, ही विनंती’ शोभतं. शेजारी ‘त्वरित’ घातलंत की विनंतीचा पुन्हा हुकूम होतो.

राहिला ‘निकाल’. तो चूक नाही, पण त्यात पास की नापास एवढंच विचारल्यासारखं वाटतं. निवड झाली असूनही संचालक मंडळाच्या सभेत मंजुरी राहिली असेल किंवा तुमचं नाव प्रतीक्षा यादीत असेल. ‘निवडीबाबतचा निर्णय’ लिहिलं की अशा उत्तरालाही जागा राहते.

मजकूर एवढा पुरे:

> मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,
> विषय: लिपिक पदाच्या मुलाखतीबाबतचा निर्णय कळविण्याविषयी
> महोदय,
> लिपिक पदासाठी दि. ८ जून रोजी आपल्या कार्यालयात माझी मुलाखत झाली. निवडीबाबतचा निर्णय मला अद्याप मिळालेला नाही. निर्णय झाला असल्यास तो कळवावा. प्रक्रिया सुरू असल्यास साधारण केव्हा कळेल ते सांगावे, ही नम्र विनंती.
> आपला विश्वासू,

खाली सही, पूर्ण नाव, पत्ता आणि अर्जात दिलेलाच फोन नंबर. लिहिणारी स्त्री असेल तर ‘आपली विश्वासू’. ‘आज्ञाधारक’ नको, अजून तुम्ही त्यांचे नोकर नाही. मुलाखतीच्या पत्रावर ज्यांची सही होती, त्यांच्याच पदनावाने पत्र लिहा. सोसायटीऐवजी खासगी शाळा असेल आणि बोलावणं संस्थेच्या सचिवांकडून आलं असेल, तर मुख्याध्यापकांना लिहिलेलं पत्र टेबलावरच पडून राहण्याचा संभव असतो.

संस्थेचं नाव त्यांच्या मराठी लेटरहेडवरून जसंच्या तसं उतरवा. फक्त कन्नड पाटीच समोर असेल, तर शेवटच्या ‘नियमित’चं मराठी ‘मर्यादित’. मराठीत ‘नियमित’ म्हणजे रोजच्या रोज! पत्र हातोहात देणार असाल तर दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, सही, तारीख घ्या.